कार्यालय पाण्यात, विसार कुणाच्या खिशात?

आज बंगळुरूहून बोलतोय. मी वकील नाही, हे आधीच सांगतो. सैन्यात माझी नोकरी पुरवठा शाखेत झाली. म्हणजे बटाटे, अंडी, जळण, वाहनं, आणि या सगळ्यांची कंत्राटं. कंत्राट वाचायची सवय लागली ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. आजचा विषय मात्र बटाट्यांचा नाही, लग्नाचा आहे. लग्नासाठी कार्यालय ठरवलं, पैसे भरले आणि ऐन वेळी कार्यालय पुराच्या पाण्यात गेलं, तर त्या पैशांचं काय?

हे आमच्या घरात घडलं आहे. नोव्हेंबर 2021 मध्ये तुळशीची लग्नं आटोपली आणि लग्नसराई सुरू झाली. त्यातच 21 तारखेच्या रविवारी रात्री बंगळुरूच्या उत्तर भागात जोराचा पाऊस झाला. येलहंक्याचं तळं भरून वाहिलं आणि केंद्रीय विहार या वसाहतीतल्या रहिवाशांना बोटींतून बाहेर काढावं लागलं. वर्तमानपत्रांतले ते फोटो तुमच्यापैकी काहींना आठवत असतील. त्याच भागातलं एक कार्यालय आमच्या भाचीच्या लग्नासाठी ठरलं होतं आणि लग्न त्याच आठवड्यात होतं. इथे कार्यालयाला छत्र म्हणतात, कल्याण मंटप म्हणतात. या कार्यालयाचं नाव मी घेणार नाही, त्याची गरजही नाही.

सोमवारी सकाळी बहिणीचा फोन आला, "दादा, तू आधी इकडे ये. मॅनेजर काय बोलतोय ते मला कळत नाही."

मी गेलो. लग्नाचा हॉल पहिल्या मजल्यावर होता आणि तो कोरडा होता. पंगतीचा हॉल, स्वयंपाकघर आणि विजेचा मुख्य पॅनेल तळघरात होते आणि तळघरात कमरेएवढं पाणी होतं. जनरेटरही खालीच होता. मॅनेजर म्हणाला, "सर, हॉल तयार आहे. तुम्ही घेत नसाल तर आम्ही काय करणार? पैसे परत मिळणार नाहीत, पावतीवर लिहिलंय." पाचच मिनिटांनी तोच माणूस म्हणाला, "आणि हा पूर देवाचा कोप आहे, आमची काही जबाबदारी नाही." दोन्ही वाक्यं तो मनापासून बोलत होता. पण ती दोन्ही एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. हॉल तयार असेल तर पुराची सबब कशाला? आणि पुरानं हॉल देता येत नसेल, तर न दिलेल्या हॉलचे पैसे कशाचे?

आता आकडे सांगतो. दोन दिवसांचं भाडं 2,00,000 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी म्हणजे 36,000, आणि अनामत 50,000. एकूण 2,86,000 रुपये आधीच भरून झाले होते. धावपळ करून दुसरं कार्यालय मिळालं, ते 74,000 रुपयांनी महाग पडलं. पत्रिकांवर जुना पत्ता छापलेला होता. फुलांची सजावट ज्याला दिली होती त्याच्याकडे विसार अडकला. लग्न वेळेवर लागलं, अक्षता पडल्या आणि सगळे हिशेबाला बसले.

या हिशेबाच्या दोन बाजू आहेत. कार्यालयाला दिलेले पैसे ही एक, आणि पुरामुळे आपलं झालेलं बाकीचं नुकसान ही दुसरी. कायदा या दोन्हींकडे वेगवेगळ्या नजरेनं पाहतो. हा फरक लक्षात आला नाही की माणूस जास्त मागायला जातो आणि हक्काचं होतं तेही लांबतं.

आपल्याकडे भारतीय करार अधिनियम 1872 सालचा आहे. त्याचं कलम 56 सांगतं की, करार झाल्यानंतर जे काम करायचं ते अशक्य झालं, आणि ज्या घटनेमुळे झालं ती वचन देणाऱ्याला टाळता येण्यासारखी नव्हती, तर करार तिथेच निरर्थक होतो. याला इंग्रजी वकिलीत फ्रस्ट्रेशन ऑफ कॉन्ट्रॅक्ट म्हणतात. आपण करार निष्फळ झाला असं म्हणू. योगायोग असा की याच कलमाखाली दिलेलं एक उदाहरण लग्नाचंच आहे. दोघांनी लग्न करायचं ठरवलं, ठरलेल्या वेळेआधी एकाला वेड लागलं, करार संपला. तिथे कुणी गुन्हेगार नाही आणि कुणी वचन मोडलेलं नाही.

या विचाराचं मूळ एका हॉलच्याच खटल्यात आहे. लंडनमध्ये सरे गार्डन्स नावाच्या बागेत एक संगीतगृह होतं. टेलर नावाच्या गृहस्थांनी ते 1861 च्या उन्हाळ्यात चार दिवसांसाठी, दिवसाला 100 पौंड या दरानं घेतलं. कार्यक्रम सुरू होण्याआधीच, जूनमध्ये, ते आगीत जळालं. आग कुणाच्या चुकीनं लागली नव्हती. टेलर यांनी जाहिराती आणि तयारीवर झालेला खर्च मागितला. 1863 मध्ये न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी सांगितलं की तो हॉल अस्तित्वात असणं हाच या कराराचा पाया होता. पाया गेला, दोघंही मोकळे झाले. तयारीचा खर्च टेलर यांना मिळाला नाही. आपल्या पत्रिका आणि फुलं याच खात्यात येतात.

पण अशक्य म्हणजे किती अशक्य? आमच्या मॅनेजरचा मुद्दा हाच होता की वरचा हॉल कोरडा आहे. याचं उत्तर आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या सत्यव्रत घोष विरुद्ध मुगनीराम बांगूर या निकालात आहे. तो 1954 चा निकाल म्हणून ओळखला जातो. कोलकात्यात एका कंपनीनं घरांचे भूखंड पाडून विकायला काढले होते. 1940 मध्ये 101 रुपये इसार घेऊन एक भूखंड ठरला आणि रस्ते व गटारं कंपनीनं करून द्यायची होती. पुढे महायुद्धात ती जमीन लष्करी कामासाठी सरकारनं ताब्यात घेतली. म्हणजे आमच्याच लोकांनी! कंपनी म्हणाली, करार निष्फळ झाला. न्यायालयानं दोन गोष्टी सांगितल्या. पहिली ही की अशक्य या शब्दाचा अर्थ अगदी शब्दशः घ्यायचा नाही. ज्या हेतूनं दोघांनी करार केला, त्या हेतूच्या दृष्टीनं काम व्यवहारात निरुपयोगी झालं, तरी ते अशक्यच. दुसरी ही की इथे मात्र करार निष्फळ झालेला नाही. काम पुरं करायला मुदत ठरलेली नव्हती, युद्ध चालू आहे हे दोघांनाही माहीत होतं, आणि जमीन तात्पुरतीच घेतलेली होती. काम लांबलं होतं, संपलं नव्हतं.

आता हे लग्नाला लावून बघा. लग्नाचं कार्यालय आपण अमुक तारखेसाठी, अमुक मुहूर्तासाठी घेतो. पाणी आठ दिवसांनी ओसरणार हे खरं असलं तरी मुहूर्त आठ दिवस थांबत नाही. घराच्या भूखंडाला उशीर चालला, बोहल्याला चालत नाही. आणि वीज नाही, पाणी नाही, स्वयंपाकघर बुडालेलं, पंगत बसवायला जागा नाही, अशा ठिकाणचा कोरडा हॉल आपल्या हेतूच्या दृष्टीनं काय कामाचा? म्हणून आमच्या प्रकरणात कलम 56 लागू होतं असं माझं म्हणणं होतं आणि आजही आहे.

समजा उलटं झालं असतं. कार्यालय कोरडं, वीज चालू, आचारी हजर, पण तुमचे पाहुणे बेळगावहून येताना महामार्गावर पाण्यात अडकले. तेव्हा कार्यालयवाल्यानं आपलं वचन पाळलेलं आहे. पाहुणे आणण्याचं वचन त्यानं दिलेलं नव्हतं. इथे कलम 56 चा दावा फार लंगडा पडतो, म्हणून पुराच्या प्रकरणात पहिला प्रश्न हा विचारायचा की पाणी कुणाच्या वचनाच्या आड आलं, त्याच्या की आपल्या? अशा वेळी आपणच लग्न पुढे ढकललं, तरी त्यानं सगळी अनामत गिळावी असं मात्र नाही. मौला बक्ष नावाच्या कंत्राटदारानं उत्तर प्रदेशातल्या लष्करी मुख्यालयाला बटाटे, कोंबड्या, अंडी आणि मासे पुरवायचं कंत्राट घेतलं होतं. पुरवठा जमला नाही म्हणून सरकारनं त्याची 18,500 रुपयांची सुरक्षा अनामत जप्त केली. 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विचारलं की, प्रत्यक्ष नुकसान किती झालं ते दाखवा. सरकारला दाखवता आलं नाही आणि जप्ती टिकली नाही. तुमची तारीख त्या कार्यालयानं दुसऱ्याला दिली असेल, तर हा निकाल आठवा.

आता पैशांकडे येऊ. करार निष्फळ झाला की त्याच अधिनियमाचं कलम 65 पुढे येतं. करार निरर्थक झाल्यावर, त्या कराराखाली ज्यानं जो लाभ घेतला असेल तो त्यानं परत करायचा, किंवा त्याची भरपाई द्यायची. कायद्यानंच उदाहरण दिलं आहे. एका गवयानं 1,000 रुपये आगाऊ घेऊन मैफलीत गायचं कबूल केलं, आणि आजारपणामुळे तो गाऊ शकला नाही. मैफल झाली असती तर आयोजकाला जो नफा मिळाला असता, तो गवयानं द्यायचा नाही. पण घेतलेले 1,000 रुपये परत करायचे. आपला सगळा विषय या एका उदाहरणात आहे. आमचा गवई म्हणजे ते कार्यालय. 2,86,000 परत करायचे, पण महाग पडलेल्या दुसऱ्या कार्यालयाचे 74,000, पत्रिका आणि फुलं द्यायची नाहीत.

आमच्या मेहुण्यांनी पहिलं पत्र रागात लिहिलं. त्यात सगळंच मागितलं, मनस्तापाचेही पैसे मागितले. कार्यालयाच्या वकिलाचं उत्तर आलं की पूर ही नैसर्गिक आपत्ती आहे, आमचा दोष नाही, सबब मागणी अमान्य. त्या पत्रात एक गोष्ट आमच्या फायद्याची होती आणि ती त्यांच्या लक्षात आली नव्हती. पुरामुळे कार्यालय देता आलं नाही, हे त्यांनी लेखी कबूल केलं होतं. मग दुसरं पत्र आम्ही एका पानाचं लिहिलं. तुमचा दोष आहे असं आम्ही म्हणत नाही. पूर आला, करार कलम 56 प्रमाणे संपला, कलम 65 प्रमाणे आमचे 2,86,000 परत द्या. एवढंच.

त्यावर दोन हरकती आल्या. पहिली जीएसटीची. "कर सरकारजमा झाला, तो कुठून देऊ?" हे उत्तर सर्रास मिळतं. सेवा देण्याआधी घेतलेली आगाऊ रक्कम परत करायची झाली, तर व्यावसायिकानं रिफंड व्हाउचर द्यायचं आणि कराचा मेळ आपल्या विवरणात घालायचा, अशी सोय जीएसटी कायद्यात आहे. ती त्याची आणि सरकारची गोष्ट आहे, त्यासाठी आपले 36,000 अडकायला नकोत. दुसरी हरकत मात्र रास्त होती. शनिवारीच आम्ही रुखवताचं सामान तिथल्या दोन खोल्यांत नेऊन ठेवलं होतं आणि घरातली दोघं तिथे झोपली होती. तेवढा लाभ आम्ही घेतला होता. कलम 65 दोन्हीकडून चालतं. खोल्यांचे 4,000 वजा करायला आम्ही तयार झालो आणि काही आठवड्यांनी 2,82,000 चा धनादेश आला. मॅनेजरनं मध्ये दुसऱ्या तारखेचीही तयारी दाखवली होती. एकच भाची, तिचं लग्न लागून गेलेलं, दुसरी तारीख घेऊन करू काय? अशी तारीख म्हणजे नवा करार असतो, तो घ्यायची सक्ती नाही.

एक गोष्ट आम्ही सोडून दिली, तीही सांगतो. शेजारचा दुकानदार म्हणाला होता की मोठा पाऊस झाला की या तळघरात पाणी येतंच, कारण मागचा राजकालुवे, म्हणजे पावसाचं पाणी वाहून नेणारा मोठा नाला, अरुंद झालेला आहे. हे खरं असेल तर सगळं चित्र बदलतं. कलम 56 मध्ये शब्द आहेत की घटना टाळता न येण्यासारखी हवी. दरवर्षी पाणी शिरणाऱ्या तळघरात विजेचा पॅनेल ठेवायचा आणि मग पुराकडे बोट दाखवायचं, याला अस्मानी म्हणत नाहीत. हा करारभंग होतो आणि करारभंगाला कलम 73 आहे. त्याखाली महाग पडलेल्या कार्यालयाचे 74,000 सुद्धा मागता आले असते. पण त्यासाठी पुरावा लागतो. आधीच्या वर्षांचे फोटो, तक्रारी, पालिकेच्या नोटिसा. आमच्याजवळ फक्त दुकानदाराचं बोलणं होतं. तेवढ्यावर लढाई सुरू करायची नसते.

आता फोर्स मेज्योर. हा फ्रेंच शब्द आहे, पण आपल्याला परका नाही. आपण अस्मानी-सुलतानी म्हणतो तेच. पूर, भूकंप ही अस्मानी. सरकारनं कार्यालय पूरग्रस्तांच्या निवाऱ्यासाठी ताब्यात घेतलं, तर ती सुलतानी. फरक एवढाच की फोर्स मेज्योर हे कायद्यानं आपोआप मिळणारं संरक्षण नाही. ते करारात लिहिलेलं कलम असतं. लिहिलेलं असेल तर आधी ते वाचायचं, कारण ज्या घटनेची सोय करारातच केलेली आहे, तिथे कलम 56 नव्हे, कलम 32 लागतं. सर्वोच्च न्यायालयानं 2017 च्या एनर्जी वॉचडॉग निकालातही हेच पुन्हा सांगितलं. लिहिलेलं नसेल तर कलम 56 आहेच.

आमच्या पावतीवर छापलं होतं, "नैसर्गिक आपत्तीस व्यवस्थापन जबाबदार नाही." नीट वाचा. जबाबदार नाही म्हणजे नुकसानभरपाई देणार नाही. पैसे ठेवून घेऊ, असं त्यात कुठेही नाही. दुसरी ओळ होती, "भरलेली रक्कम परत मिळणार नाही." ही ओळ ग्राहकानं बुकिंग रद्द केलं तर, अशा संदर्भात होती. आम्ही रद्द केलंच नव्हतं. "पूर आला तरीही रक्कम परत मिळणार नाही" असं स्पष्ट छापलेलं असेल, तर वाद खरोखर अवघड होतो आणि वकिलाकडे जावं लागतं. म्हणून ही ओळ सही करण्याआधी शोधायची.

समजुतीनं मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. कार्यालय बंगळुरूत आणि तुम्ही बेळगाव, पुणे किंवा इंदूरला राहत असाल, तरी 2019 च्या कायद्यानं आपण राहतो तिथे तक्रार करता येते. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. फक्त तक्रार अशी मांडू नका की पूर आला ही सेवेतली त्रुटी आहे. सेवा दिलीच नाही आणि तरीही पैसे अडवून ठेवले, ही त्रुटी आहे. सोबत पुरावा जोडा. पाणी दिसेल असे तारखेचे फोटो, पॅनेलचे, स्वयंपाकघराचे, आणि त्याच दिवशी पाठवलेला लेखी निरोप की कार्यालय देऊ शकता की नाही, ते कळवा. फोनवर बोललेलं कुणाला आठवत नाही.

आणि पुढच्या वेळी बुकिंग करताना तळघरात एक चक्कर मारा. पॅनेल, जनरेटर, स्वयंपाकघर कोणत्या मजल्यावर आहे ते बघा. मग पावतीवर पेनानं एक वाक्य लिहून दोघांच्या सह्या घ्या. मी धाकट्या भाचीच्या वेळी लिहिलं ते असं, "पूर, आग किंवा सरकारी आदेशामुळे ठरलेल्या तारखेला हॉल, स्वयंपाकघर, वीज किंवा पाणी उपलब्ध करून देता आलं नाही, तर करासह संपूर्ण रक्कम व अनामत 15 दिवसांत परत केली जाईल; वापरलेल्या खोल्यांचं भाडं तेवढं वजा होईल." मॅनेजरनं दोनदा वाचलं, मालकाला फोन लावला आणि सही केली. त्या लग्नात पाऊस पडला नाही. पावती मात्र बहिणीनं अजून कपाटात जपून ठेवली आहे.

तुमच्या पावत्याही एकदा काढून वाचा.